दारात अडकलेला नमस्कार

“उशीर झाला की वर्गाचं दार उघडायचं धाडसच होत नाही. नमस्कार केला तर शिकवणं थांबतं, नाही केला तर उद्धट दिसतं. मग मी करू तरी काय?”

हा प्रश्न माझ्याकडे दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी घेऊन येतं. कधी कॉलेजचा मुलगा असतो, कधी नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी. इथे सांगते ती गोष्ट पस्तिशीतल्या एका ताईंची. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते आहे.

ताई नोकरी सांभाळून आठवड्यातून तीन संध्याकाळी अकाउंटिंगच्या वर्गाला जात. कामावरून निघून पोचेपर्यंत दहा मिनिटं उशीर व्हायचाच. पहिले काही दिवस त्या दारातूनच म्हणायच्या, “नमस्कार सर, सॉरी, आज पुन्हा उशीर झाला, निघतानाच एक काम आलं…” सर थांबायचे, “असू दे, या, बसा” म्हणायचे आणि मग फळ्याकडे वळून विचारायचे, “कुठे होतो आपण?” त्या एका प्रश्नाने ताईंना इतकं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं की पुढे त्या आत जाईचनाशा झाल्या. मध्यंतर होईपर्यंत, म्हणजे पाऊण तास, बाहेर उभ्या राहायच्या.

“आत गेलात तर काय होईल असं वाटतं?” मी विचारलं.

“सगळे वळून बघतील. सर मनात म्हणतील, आली पुन्हा.”

“आणि बाहेर उभं राहिल्याने?”

“निदान कुणाला त्रास तरी होत नाही.”

लोक बघत नाहीत, असं समजावून सांगण्यावर माझा फार भरवसा नाही. तसं सांगायला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मी अनेकांना सांगते. एका विद्यार्थ्याला ओशाळं वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून, इतर जण आधीच बसलेल्या खोलीत पाठवायचे आणि नंतर विचारायचे, चित्रात कोण होतं हे किती जणांनी ओळखलं असेल? अंदाज यायचा जवळपास निम्म्यांचा. खरं तर ओळखलेलं असायचं चौथ्या हिश्श्याच्या आसपास लोकांनी. ताईंनाही हे सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या वर्गाला पुन्हा बाहेरच उभ्या राहिल्या. करून पाहिल्याशिवाय माणूस बदलत नाही, हे माझं जुनं मत आहे, ते पुन्हा पक्कं झालं.

चौथ्या भेटीत मी त्यांच्या हातात एक मासिक दिलं. “तुम्ही शिक्षक. मोठ्याने वाचत राहा. मी उशिरा येणार.”

पहिल्यांदा मी त्यांच्याच पद्धतीने आले. दारात थांबले, नमस्कार केला, माफी मागितली, कारण सांगितलं. त्या थांबल्या, “असू दे, बसा” म्हणाल्या आणि बोटाने ओळ शोधू लागल्या. दुसऱ्यांदा मी दाराबाहेर त्यांचं वाक्य संपेपर्यंत थांबले, आत आले, त्यांची नजर वर झाली तेवढ्यात मान किंचित लववली आणि जवळच्या खुर्चीत बसले. त्या वाचतच राहिल्या.

“काय फरक वाटला?”

त्या बराच वेळ मासिकाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, “दुसऱ्या वेळी तुम्ही आलात हे मला कळलं, पण ओळ सुटली नाही. पहिल्या वेळी मला ‘असू दे’ म्हणावं लागलं.”

“लागलं?”

“हो. न म्हणून कसं चालेल? तुम्ही माफी मागितलीत ना.”

आणि त्या एकदम गप्प झाल्या. “म्हणजे मी रोज सरांना हेच करायला लावत होते.”

इतकी वर्षं हे काम करते आहे, पण या क्षणी माझ्याही एक गोष्ट नव्याने लक्षात आली. बोललेली माफी उत्तर मागते. समोरच्याने काहीतरी म्हटल्याशिवाय ती पुरी होत नाही, आणि ते उत्तर द्यायला त्याला हातातलं सोडावं लागतं. मान लववणं उत्तर मागत नाही. ‘तुम्हाला पाहिलं, तुमचं चालू द्या’ एवढं त्यात येतं. ताईंना उद्धटपणाची भीती होती, पण दारातली त्यांची माफी आदरापेक्षा स्वतःची लाज उतरवण्यासाठी जास्त होती. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं, आणि त्यांनी ते शांतपणे घेतलं.

मग आम्ही आत येण्याचा सराव केला. खरी तयारी दाराबाहेर होते. फोन बंद, पिशवी खांद्यावरून हातात, वही आणि पेन आधीच बाहेर, कारण शांत वर्गात चेनचा आवाज दारापेक्षा जास्त जाणवतो. आतला आवाज ऐकायचा. शिक्षक फळ्यावर लिहीत असतील किंवा वाक्य संपलं असेल तेव्हा जायचं. कुणी विद्यार्थी उत्तर देत असेल तर थांबायचं, कारण तो आधीच धास्तावलेला असतो. कडी दाबून धरूनच दार लावायचं आणि मग हळू सोडायची. शिक्षकांची नजर आली तर मान लववायची. नाही आली तर ती येण्याची वाट बघत उभं राहायचं नाही. बोलणारा आणि ऐकणारे यांच्यामधून न जाता सर्वांत जवळची जागा घ्यायची. शेजाऱ्याला “काय झालं आतापर्यंत?” असं कुजबुजून विचारायचं नाही, वही बघून घ्यायची. आणि शिक्षक स्वतःच थांबून काही म्हणाले, तर “हो सर, चालू द्या” एवढं बोलून बसायचं. कारण सांगायचं नाही.

तीन-चार जणांच्या बैठकीत मात्र हे जसंच्या तसं चालत नाही. तिथे मुकाट्याने खुर्ची ओढून बसलं तर विचित्र वाटतं. बोलणं क्षणभर थांबलं की “माफ करा, उशीर झाला, चालू द्या” असं हळू म्हणावं. तुमच्यासाठीच सगळे खोळंबले असतील तर नमस्कारही तोंडाने करावा आणि माफीही, कारण तिथे मोडण्यासारखं काही चाललेलंच नसतं. ऑनलाइन बैठकीत आत शिरण्याआधी माइक बंद करावा. चॅटमध्ये नमस्कार टाकण्याचीही घाई नको, एकाने टाकला की उत्तरांची रांग लागते.

पहिल्या दिवशी ताईंचं सगळं बिनसलं. दार करकरलं, तिघा-चौघांनी मागे पाहिलं, सरही थांबले. “या, आज लवकर?” असं ते म्हणाले. ताईंच्या ओठांवर सगळं कारण आलं होतं. “हो सर, चालू द्या” म्हणून त्या बसल्या. त्यांच्या अंदाजाने सर दोन सेकंदांत पुन्हा उदाहरणाकडे वळले होते.

वर्ग संपल्यावर, सगळे पांगल्यावर, त्या सरांकडे गेल्या. दारात न मागितलेली माफी तिथे मागायची असं आमचं ठरलं होतं, एका वाक्यात, आणि उशीर रोजचाच असल्याने तेही सांगून टाकायचं. त्या म्हणाल्या, “सर, माफ करा, कामामुळे मला रोज दहा मिनिटं उशीर होईल. मी मागच्या दाराने येऊन बसले तर चालेल का?”

सर जरा चकित झाले. “चालेल की. मला वाटलं होतं, पहिला भाग तुम्हाला येतोच, म्हणून तुम्ही मध्यंतरानंतर येता.”