विडी कामगार महिलांच्या मुलाखतींचा डेटा: प्लॅनमध्ये नेमकं काय लिहायचं?

प्रश्न: आम्ही चौघी एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थिनी सोलापुरात विडी वळणाऱ्या २० बायकांच्या मुलाखती घेणार आहोत. गाईडनी डेटा मॅनेजमेंट प्लॅन मागितलाय. कुठे ठेवायचं, बॅकअप, संमती, नंतर पुसणं, हे सगळं दोन पानांत कसं बसवू?

उत्तर: सुरुवात शेवटापासून करा. एखाद्या बाईने उद्या ‘माझं बोलणं काढून टाका’ म्हटलं, तर त्या बोलण्याच्या प्रती कुठे कुठे आहेत हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. ती यादी म्हणजेच तुमचा प्लॅन.

मी हे ठेच लागून शिकले. आमच्याही प्रोजेक्टमध्ये विडी कामगार बायकाच होत्या. एकीने छाटाबद्दल, म्हणजे नापास ठरवून बाजूला काढल्या जाणाऱ्या विड्यांबद्दल मनमोकळं सांगितलं. आठवड्याने तिचा फोन आला, ‘‘ताई, ते काढून टाका. ब्रँचवर कळलं तर मला पानं मिळायची बंद होतील.’’ ब्रँच म्हणजे जिथून विडीची पानं मिळतात आणि वळलेल्या विड्या जमा होतात ते कारखान्याचं केंद्र. मी ‘हो’ म्हटलं आणि शोधायला बसले. माझा फोन, ग्रुपचं गूगल ड्राइव्ह, मैत्रिणीच्या लॅपटॉपचं डाउनलोड्स, पेन ड्राइव्ह. शिवाय मुलाखत तेलुगूत होती, म्हणून जिने मराठी करून दिलं तिला मी ऑडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. तिने तो आपल्या बहिणीला ऐकवायला पुढे पाठवला होता. ही पाचवी-सहावी प्रत मला माहीतच नव्हती.

तुमच्याकडेही बऱ्याच मुलाखती तेलुगूत होतील. त्यामुळे पहिला नियम हा लिहा: ऑडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार नाही. भाषांतर करणारीने तुमच्याच लॅपटॉपवर, तुमच्याशेजारी बसून ऐकायचं.

साठवणीची काळजी करू नका. ४० मिनिटांच्या २० मुलाखती म्हणजे ८०० मिनिटं. फोनचं साधं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण १ एमबी धरलं तरी सगळं मिळून १ जीबीच्या आत बसतं. मूळ प्रत एका लॅपटॉपवर ठेवा, दुसरी पेन ड्राइव्हवर आणि तिसरी गाईडच्या ऑफिसमधल्या संगणकावर. दोन प्रती एकाच बॅगेत फिरत असतील तर तो बॅकअप नव्हे. बॅग गेली की दोन्ही जातात. मुलाखत झाल्याच्या संध्याकाळी फाइल लॅपटॉपवर घ्या, ७-झिप या सॉफ्टवेअरमध्ये AES-256 आणि Encrypt file names निवडून पासवर्डसह बंद करा, ती बंद फाइल बाकी दोन ठिकाणी ठेवा. तिथे उघडून मधलं एक मिनिट ऐका. न उघडलेला बॅकअप खरंच आहे की नाही, हे गरज पडेपर्यंत कळत नाही. मगच फोनवरचं मूळ रेकॉर्डिंग पुसा. पासवर्ड कागदावर लिहून गाईडकडे द्या. तो हरवला तर फाइल कुणालाच उघडता येणार नाही.

फाइलला नाव देऊ नका, V07 असा क्रमांक द्या. कोणता क्रमांक कुणाचा, ही यादी फक्त कागदावर, गाईडच्या कपाटात. सही-अंगठ्याचे संमतिपत्रही तिथेच. त्याचे फोटो फोनमध्ये काढू नका. आणि नाव झाकलं म्हणजे ओळख झाकली असं समजू नका. आवाज ओळखू येतो. ‘कुंभारीच्या घरकुलात राहते, मुलगा अमुक टॉवेल कारखान्यात’ एवढं वाचूनही गल्लीतली बाई ओळखते. लेखी मजकुरातून ब्रँच, गल्ली आणि कारखान्याचं नाव गाळा.

संमती एकाच ‘हो’मध्ये घेऊ नका. तीन प्रश्न वेगळे विचारा, तिला ज्या भाषेत सोयीचं त्या भाषेत: रेकॉर्ड करू का? तुमचे शब्द अहवालात वापरू का? परीक्षेनंतर दुसऱ्या अभ्यासासाठी लेखी मजकूर ठेवू का? V07 ने हो, हो, नाही म्हटलं, तर क्रमांकापुढे तेच लिहा. पुढच्या वर्षीच्या बॅचने मागितलं तरी V07 द्यायची नाही. मग भले नमुना १९चा होवो.

माघारीची तारीखही तिला तेव्हाच सांगा. समजा अहवाल १५ एप्रिलला द्यायचा आहे, तर ३१ मार्चपर्यंत म्हटलं तर काढू. त्यानंतर तिचं बोलणं निष्कर्षात मिसळलेलं असेल, ते वेगळं काढता येत नाही, हेही स्पष्ट सांगा. नावांची यादी ३१ मार्चपर्यंत हवीच, नाहीतर माघार घेणारीची फाइल सापडणार कशी? म्हणून यादी १ एप्रिलनंतरच फाडायची.

ऑडिओ निकालानंतर, समजा ३० जूनला पुसा. तिन्ही ठिकाणी कोण पुसणार त्यांची नावं प्लॅनमध्ये लिहा, ‘आम्ही सगळ्या’ असं नको. लॅपटॉपवरचं रिसायकल बिनही रिकामं करा. फोनचे फोटो-फाइल्स आपोआप ड्राइव्हवर जात असतील तर तेही पाहा, कारण गूगल ड्राइव्हवरून पुसलेली फाइल बिनमध्ये ३० दिवस राहते. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल सॉफ्टवेअरने परत काढता येते, पण ती पासवर्डबंद असेल तर पासवर्डशिवाय काही ऐकू येणार नाही. म्हणून बंद न केलेला ऑडिओ पेन ड्राइव्हवर एकदाही टाकू नका.