आधी उत्तर बघ

प्रिय पोरी,

तुझा मेल काल रात्री वाचला, आणि त्यातलं एक वाक्य सकाळपर्यंत डोक्यात घोळत होतं. तुमचा लघुपट बघून परदेशातल्या कुणीतरी विचारलं, "या गावात जो तो एकमेकांना जेवायला बोलावतो, मग जेवताना कुणीच कसं दिसत नाही?" तू ओशाळलीस, हे कळलं. मला मात्र त्या प्रेक्षकाचं कौतुक वाटलं. तुझ्या सबटायटलात काय चुकलंय ते त्याने एका वाक्यात सांगून टाकलं.

तू तीनही ठिकाणी 'जेवलास का?'चं 'हॅव यू ईटन?' केलंस. शब्द बरोबर आहेत, म्हणून तू निर्धास्त होतीस. आता मला विचारतेस की तिन्हीकडे 'हाऊ आर यू?' टाकू का. नको. एवढ्यात काही टाकू नकोस. आधी उत्तर बघ.

आपल्याकडे 'जेवलास का?' विचारलं की ठरलेलं उत्तर 'हो, आत्ताच झालं. तुमचं?' असं असतं. पोटात कावळे ओरडत असले तरी हेच. कारण 'नाही' म्हटलं की विचारणारा बांधला जातो. त्याला 'चला मग घरी' म्हणावंच लागतं आणि घरच्या बाईला चुलीपाशी उठावं लागतं. हे दोघांनाही ठाऊक असतं, म्हणून प्रश्न विचारणारा थांबतही नाही. गाडीवरून जाता जाता विचारतो, उत्तर मागून ऐकू येतं. इंग्रजी माणसाकडे या प्रश्नाची अशी ठरलेली जोडी नाही. दुपारी साडेबाराला कुणी 'जेवलास का?' म्हटलं, तर पुढे आमंत्रण येणार असं त्याला वाटतं. त्याची जोडी हवेची आहे. 'लव्हली डे, इझन्ट इट?' याला उत्तर एकच, होकार. 'छे, मला तर उकडतंय' म्हणणारा तिथे आगाऊ ठरतो. म्हणजे दोन्हीकडे प्रश्नाला माहिती नकोच आहे. मालिनोव्स्की नावाच्या मानवशास्त्रज्ञाने १९२३ साली अशा बोलण्याला वेगळं नाव दिलं. हे बोलणं काही कळवण्यासाठी नसतं, माणसं जोडलेली राहावीत म्हणून असतं, असं त्याचं म्हणणं. एवढी थिअरी पुरे.

जत भागात कन्नड बोलणाऱ्या घरी जाऊन बघ. 'ऊट आयता?' म्हणजे शब्दाला शब्द 'जेवण झालं का?'. उत्तरही आपल्यासारखंच. तिथे अनुवादकाला कामच उरत नाही. जपानीत शेजारी विचारतो, 'ओदेकाके देसु का?', म्हणजे बाहेर निघालात का? उत्तर येतं, 'चोत्तो सोको मादे', जरा तिथपर्यंत. आपलं 'कुठं निघालाय?' आणि 'हितंच जरा' दुसरं काय आहे? (आमची आजी 'कुठं' म्हणू द्यायची नाही. निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारणं अपशकुन. 'लांब का?' म्हणावं.) पण हेच 'कुठं निघालाय?' इंग्रजीत शब्दशः नेलं की शेजारी पोलीस वाटायला लागतो. अडचण भाषा जवळची की लांबची ही नाही. तिकडे तशी जोडी आहे की नाही, एवढंच बघायचं असतं. म्हणून म्हणतो, आधी उत्तर बघ.

हे मला कळायला एका द्राक्षबागायतदाराचा अपमान करावा लागला. तासगाव भागात एका परदेशी पाहुण्याबरोबर दुभाषी म्हणून गेलो होतो. नोव्हेंबर सरत आलेला, बाग फुलोऱ्यात, आणि दोन दिवस आभाळ गच्च. पाहुणा गाडीतून उतरला आणि हसून म्हणाला, काय छान गार हवा आहे. मी तत्परतेने सांगितलं, "हवा छान आहे म्हणतायत." त्या माणसाने आदल्या रात्री डावणी रोगाच्या धास्तीने फवारणी केली होती. तो पाहुण्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमाला छान वाटतीय व्हय?" पुढचा तासभर त्याने फक्त हो-नाही केलं. मी म्हणायला हवं होतं, "नमस्कार करतायत. काय म्हणतीय बाग?" पाहुण्याला तेवढंच म्हणायचं होतं. आमच्याकडे हवा ही गप्पांची गोष्टच नाही गं. पावसाळ्यात सांगलीत कुणी 'पाणी किती?' विचारलं तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी किती फूट झालं, हेच सांगावं लागतं. तिथे 'हो ना, छान' चालत नाही.

यावरून मी धडा घेतला आणि मग दुसऱ्या टोकाला गेलो. एका कथेच्या इंग्रजी अनुवादात मी सगळे 'जेवलास का?' पुसून 'हाऊ आर यू?', 'फाइन' असं गुळगुळीत केलं. शेवटी आत्या म्हणते, "त्या दिवशी जेवलो म्हणालास, आणि उपाशी होतास." माझ्या अनुवादात तो जेवलो असं कधी म्हणालाच नव्हता! छापून आल्यावर लक्षात आलं. संपादकांना घाई होती, मजकूर दोनदा वाचायला वेळ मिळाला नाही, हे खरं आहे. पण आत्याचं वाक्य मीच टाइप केलं होतं, तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही, हेही खरं आहे. जाऊ दे.

आता तुझे तीन प्रसंग.

आईचा पुण्याला फोन आहे, तिथे हात लावू नकोस. आई उत्तरासाठी थांबते, 'काय जेवलास?' विचारते. तिला माहिती हवी आहे. जगातल्या कुठल्याही प्रेक्षकाला ते कळेल.

पहिला प्रसंग एसटी स्टँडवरचा. एरवी मी सरळ 'ऑल राइट?' लिही म्हटलं असतं. पण तुझ्या तिसऱ्या प्रसंगात बांधावरून अबोला धरलेला थोरला भाऊ धाकट्याला तेच विचारतो, आणि धाकटा ठरलेलं उत्तर देत नाही. तो म्हणतो, "न्हाय अजून." सगळा चित्रपट या दोन शब्दांवर उभा आहे. 'नाही' म्हणणं म्हणजे दार उघडणं, हे प्रेक्षकाला तेव्हाच कळेल, जेव्हा त्याने आधी 'हो' ऐकलेलं असेल. म्हणून स्टँडवर जेवण ठेव, पण आमंत्रण काढून टाक. 'हॅव यू ईटन?' हे पूर्ण वाक्य उत्तराची वाट बघतं. 'ईटन?', 'येप. यू?' असं तोडकं लिही, दोन्ही एकाच सबटायटलात, वर-खाली. गाडी थांबत नाही हे चित्रात दिसतंच. प्रश्नाचा अर्थ उत्तरच सांगून जाईल. तळटीप द्यायला सबटायटलात जागा नसते, आणि असती तरी मी देऊ दिली नसती.

हेच 'ईटन?' बाजाराच्या गर्दीतही एकदा येऊ दे, तिथे मागे कुणीतरी विचारतोच आहे. तू ते सोडून दिलंयस. प्रेक्षकाच्या कानाला सवय लागायला एक वेळ पुरत नाही.

आणि तिसऱ्या प्रसंगात थोरल्याच्या तोंडीही तेच घाल. तेच तोडकं 'ईटन?'. भावाभावांत भावनेचं मोठं वाक्य घालायचा मोह होईल तुला, तुझ्या पहिल्या खर्ड्यात तो दिसतोय. घालू नकोस. धाकटा बराच वेळ गप्प बसतो. तेवढा वेळ पडदा कोरा ठेव. 'नॉट यट' ही ओळ त्याचं तोंड उघडल्यावरच आण, आधी एक क्षणही नको. तुझ्या फाइलमध्ये दोन्ही ओळी एकत्र येतात, आणि तो बोलायच्या आधीच प्रेक्षक उत्तर वाचून मोकळा होतो. आज तेवढं सुटं कर आणि मला पाठव.

तुझा,
काका