‘जरा थांबा’ म्हणजे ‘रद्द करा’ नव्हे

प्रश्न : वकीलसाहेब, आमच्या नव्या मंगल कार्यालयासाठी ३०० खुर्च्या (दर ९०० रु.) आणि कार्यालयाचं नाव छापलेली ६० टेबलं (दर ३,५०० रु.) अशी ४,८०,००० रुपयांची ऑर्डर दिली. कन्फर्म झाली, १,२०,००० आगाऊ दिले. आता बँकेने कर्ज नाकारलंय. ११ दिवसांपूर्वी सप्लायरला व्हॉट्सॲपवर ‘जरा थांबा, अडचण आहे’ असं कळवलं. ऑर्डरच्या ९ व्या कलमात ‘कन्फर्म ऑर्डर रद्द केल्यास एकूण किमतीच्या ३० टक्के दंड’ असं आहे. माणूस ओळखीचा आहे, संबंध बिघडवायचे नाहीत. दंड माफ करायला नम्रपणे कसं लिहावं?

उत्तर : नम्रतेचं नंतर बघू. आधी ते अकरा दिवस. ‘जरा थांबा’ या दोन शब्दांचा अर्थ समोरचा माणूस ‘दोन दिवसांनी चालू करा’ असा लावू शकतो, आणि वर्कशॉपमध्ये ४० कामं रांगेत असलेला माणूस तो बहुधा लावतच नाही, काम चालू ठेवतो. असा मेसेज टाकून निश्चिंत बसलेला तुम्ही पहिले नाही. दर महिन्याला असं कुणीतरी येतं आणि ‘मी कळवलं होतं ना’ म्हणतं.

हे अकरा दिवस का महत्त्वाचे, ते सांगतो. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम ७४ नुसार करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप मिळत नाही. न्यायालय वाजवी भरपाई देतं आणि लिहिलेला आकडा ही त्या भरपाईची कमाल मर्यादा असते. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास (१९६३) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. पुढे कैलाशनाथ प्रकरणात (२०१५) नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं, हेही सांगितलं. म्हणजे तुमचे १,४४,००० रुपये हे छत आहे. त्याखाली नेमका आकडा ठरेल तो सप्लायरचं खरं नुकसान किती यावर. आणि ते नुकसान दर दिवशी वाढतंय, कारण तुम्ही ‘रद्द’ हा शब्द अजून लिहिलेला नाही. कलम ७३ चं स्पष्टीकरण असं की, गैरसोय कमी करायला हाताशी काय साधनं होती हेही नुकसान ठरवताना विचारात घ्यायचं. तेव्हा लेखी ‘रद्द’ हातात पडल्यावरही तो टेबलं कापत राहिला, तर त्या टेबलांचा भार तुमच्यावर टाकणं त्याला अवघड जाईल. आधी कापलेल्यांचं मात्र तुम्हाला बघावं लागेल.

खुर्च्या आणि टेबलं एकाच पारड्यात घालू नका. साध्या खुर्च्या तो उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकेल. बाजारभाव पडलेला नसेल तर तिथे नुकसान फारसं दाखवता येणार नाही. ज्या टेबलावर तुमच्या कार्यालयाचं नाव छापलंय, ते दुसरं कोण घेणार? म्हणून आजच फोन करून किती टेबलं तयार झाली ते विचारा. समजा १२ तयार आहेत. तर ती पूर्ण किमतीत घ्या : ४२,००० रुपये. आगाऊ रकमेतून ते वळते करून उरलेले ७८,००० परत मागा, किंवा पुढच्या ऑर्डरला जमा ठेवायला सांगा. नुसतं ‘माफ करा’ म्हणण्यापेक्षा हा हिशेब त्याच्यापुढे ठेवलात तर त्याला विचार करायला काहीतरी मिळतं.

इथे एक शंका मान्य करतो. ९ वं कलम हा दंड आहे, की बाहेर पडण्याची ठरवून दिलेली किंमत आहे, यावर समोरचा वकील वाद घालू शकतो, आणि तो वाद अगदीच पोकळ नसतो. पूर्ण कलम मी वाचलेलं नाही. शिवाय आगाऊ रकमेला ऑर्डरमध्ये ‘बयाणा’ म्हटलंय का, तेही बघा. बयाणा असेल तर जप्तीचा दावा जास्त बळकट होतो.

कारण खरं द्या. कर्ज नाकारलं हे लिहायला लाज नाही, बँकेचं पत्रही सोबत जोडा. पण ‘माझ्या हातात नव्हतं, म्हणून करार संपला’ असा आव आणू नका. पैसे न मिळणं म्हणजे करार अशक्य होणं नव्हे, आणि हा युक्तिवाद कुठल्याही न्यायालयात टिकणं कठीण. आजाराचं किंवा घरातल्या दुःखाचं खोटं कारण तर अजिबात नको, ओळखीच्या माणसाला ते आठवड्यात कळतं. तसंच ‘दंड मान्य आहे, पण…’ असं कधीही लिहू नका. पुढे तो कागद तुमच्याविरुद्ध कबुली म्हणून दाखवला जाईल.

मजकूर साधारण असा असावा :

‘स. न. वि. वि. दि. … च्या ऑर्डरमधील सर्व खुर्च्या आणि आज तयार नसलेली सर्व टेबले मी या पत्राने रद्द करत आहे. कृपया पुढील काम आजपासून थांबवावे. बँकेने कर्ज नाकारल्याने हा निर्णय घ्यावा लागला, पत्राची प्रत सोबत आहे. दि. … रोजी मी व्हॉट्सॲपवर फक्त अडचण असल्याचे कळवले होते. स्पष्ट लिहायला उशीर झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. आपल्या फोननुसार १२ टेबले तयार आहेत, ती मी पूर्ण किमतीत घेतो. खुर्च्या आपल्याला इतरत्र विकता येतील असे वाटते. तरी कलम ९ मधील आकारणी आपण सोडून द्यावी आणि उरलेली आगाऊ रक्कम परत करावी, ही विनंती. आपले अन्य प्रत्यक्ष नुकसान झाले असल्यास बिलांसह कळवावे, त्यावर बोलू. हा प्रस्ताव केवळ तडजोडीसाठी असून, दोन्ही बाजूंचे हक्क अबाधित राखून केला आहे.’

ई-मेलने पाठवा, आणि त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टानेही. व्हॉट्सॲपवर फक्त ‘मेल पाठवलाय’ एवढंच. ‘तयार नसलेली’ हे शब्द जपून ठेवा, नाहीतर तयार टेबलंही नाकारलीत असा अर्थ निघेल.

तो फोनवर ‘जाऊ द्या हो, काही नको’ म्हणाला तर तिथेच थांबू नका. कलम ६३ नुसार देणेकऱ्याला सूट देण्यासाठी त्या बदल्यात काही मोबदला घ्यावा लागत नाही, त्यामुळे त्याचा शब्द कायद्याने चालतो. पण सहा महिन्यांनी त्याचा मुलगा धंदा बघायला लागला की तो शब्द कोणी ऐकला होता? ‘ऑर्डर रद्द मान्य, कलम ९ खाली काही येणे नाही, रु. … परत करत आहे’ एवढी एक ओळ मेलवर मागा.

तो मानलाच नाही तर ७८,००० साठी दिवाणी दावा लावता येतो, मुदत साधारण तीन वर्षांची आहे. लावा असं मात्र मी म्हणणार नाही. तारखा पडतील, तुम्ही तिसऱ्यांदा वकील बदलाल आणि तोवर १२ टेबलांचं लॅमिनेट सुटलेलं असेल. त्यापेक्षा पाच-दहा हजार सोडून मिटत असेल तर मिटवा. मात्र हा हिशेब मेल गेल्यानंतर करा. मेल आजच संध्याकाळच्या आत गेला पाहिजे.