मुख्याध्यापकांना पत्र लिहिताना

वर्गात एआय चॅटबॉट वापरून पाहण्याची परवानगी मुख्याध्यापिका मॅडमकडे मागणारा तुझा मसुदा वाचला. चॅटबॉटचे फायदे दीड पान आहेत आणि मुलांच्या माहितीबद्दल फक्त एक ओळ. हे उलट कर. मॅडमना पहिला प्रश्न पडेल तो पालकांचा.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. म्हणून संमतीपत्राचा नमुना पत्रासोबतच जोड. मुलांना स्वतःची खाती उघडायला लावू नकोस. संगणक कक्षात शाळेच्या खात्यावरून, तुझ्यासमोर वापरू देत. नाव, फोन नंबर टाइप करायचा नाही.

व्याप्ती लहान ठेव: आठवीची एक तुकडी, फक्त गणित, सहा आठवडे.

थांबायचं कधी, हेही लिही. समजा मुलाने x/3 + 5 = 11 विचारलं. ‘आधी ५ पलीकडे ने’ असा इशारा मिळाला तर ठीक. थेट १८ हाती आलं तर ती गृहपाठाची नक्कल झाली. दर शुक्रवारी संभाषणं तू स्वतः वाचणार आणि असं वारंवार दिसलं तर प्रयोग बंद करणार, हे स्पष्ट लिही. माझ्या मते मॅडम सही करतील ती याच वाक्यावर.