सेटलमेंटचा आकडा टक्क्यांवरून ठरत नाही

प्रश्न: नाशिकमधील एका सहकारी बँकेचे माझे व्यवसायाचे कर्ज थकून एनपीए झाले आहे. एकरकमी परतफेडीसाठी थकबाकीच्या किती टक्क्यांपासून सुरुवात करावी? सिबिलवर काय परिणाम होतो?

टक्क्यांपासून सुरुवात करू नका. आमच्या घरात हीच चूक झाली आणि तिची किंमत आमच्या आईने मोजली, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

अंबड औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात आमचे लेथ आणि मिलिंगचे जॉबवर्क होते. ज्या कारखान्याचे सुटे भाग आम्ही करत होतो, त्याने काम दुसरीकडे वळवले आणि 2022 मध्ये आमचे खाते एनपीए झाले. तारण म्हणून पंचवटीतील आईच्या नावावरील जुन्या इमारतीतला फ्लॅट आणि यंत्रे होती. जामीनदार आमचे मामा होते. बँकेच्या मागणी नोटिशीत 31 लाख 40 हजार रुपये लिहिलेले होते.

थोरल्या बंधूंचे, म्हणजे दादांचे, मत ठाम होते. "अरे, आठ लाखांपासून सुरुवात कर. बँकेला थकलेले खाते नको असते. ती आपोआप पंधरावर येईल." मी तसा अर्ज दिला. त्यात आठ लाख हाच आकडा का, ते पैसे कुठून येणार आणि कधी येणार, यांपैकी काहीही नव्हते. बँकेने तो एका ओळीच्या पत्राने नाकारला. आम्ही मात्र बँक आकडा वाढवून मागेल म्हणून आठ महिने वाट पाहत राहिलो. त्या काळात, बँकेला तारण ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या नोटिशीची साठ दिवसांची मुदत संपली, सांकेतिक म्हणजे कागदोपत्री ताब्याची नोटीस फ्लॅटच्या दारावर चिकटवली गेली आणि ती वर्तमानपत्रातही छापून आली. आईला ती शेजारणीने वाचून दाखवली. नोटिसांचा, जाहिरातीचा आणि मूल्यांककाचा खर्चही आमच्याच खात्यावर टाकला गेला.

त्यानंतर मी एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना भेटलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खातेवहीत मुद्दल किती आहे?" मला सांगता आले नाही. खाते एनपीए झाल्यावर बँक त्यावरील व्याज उत्पन्न म्हणून जमा धरत नाही. ते वेगळे मांडून ठेवते आणि मागणीच्या नोटिशीत मात्र मिळवते. आमच्या बाबतीत पुस्तकी बाकी 24 लाख होती आणि उरलेले 7 लाख 40 हजार हे असे न आकारलेले व्याज आणि दंड होता. त्या व्याजावर पाणी सोडणे बँकेला तुलनेने सोपे असते, कारण ते तिच्या नफ्यात कधी आलेलेच नसते. 24 लाखांच्या खाली येणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे, आणि त्यासाठी संचालक मंडळासमोर कारण ठेवावे लागते.

ते कारण तारणाच्या किमतीतून येते. मूल्यांकक बाजारभावासोबत घाईच्या विक्रीत मिळेल ती किंमतही लिहितो. आमच्या फ्लॅटचा बाजारभाव 26 लाख आणि घाईच्या विक्रीची किंमत साडेएकोणीस लाख निघाली. यंत्रांचे फार तर दीड लाख आले असते. म्हणजे लिलाव पहिल्याच फेरीत यशस्वी झाला तरी बँकेच्या हाती सुमारे 21 लाख येणार होते, आणि त्यासाठी प्रत्यक्ष ताबा, न्यायाधिकरणातील वाद आणि गिऱ्हाईक शोधणे या सर्वांचा वेळ गेला असता. आज रोख मिळणारे वीस लाख त्याच्याशी तोलून पाहण्यासारखे होते. आठ लाख नव्हते, आणि दादा कितीही वेळा म्हणाले तरी पंधराही नव्हते.

दुसऱ्या अर्जात मी हे गणित मूल्यांकन अहवालासह मांडले. देकार वीस लाखांचा होता. सोबत दोन लाख रुपये बँकेच्या नो लिएन खात्यात भरले. अशी रक्कम प्रस्ताव मंजूर होईपर्यंत कर्जात वळती केली जात नाही आणि तो नाकारला गेल्यास परत मिळते. ही अट मी पावतीवर लिहून घेतली. उरलेल्या पैशांचा स्रोतही दाखवला. दिंडोरीजवळच्या बिनशेती भूखंडाचा विसार झाला होता आणि त्यातून तेरा लाख येणार होते. पत्नीच्या दागिन्यांचे साडेतीन लाख आणि मेहुण्यांकडून तीन लाख असा हिशेब होता. बँकेने बावीस मागितले, आणि शेवटी साडेएकवीस लाखांवर मंजुरी मिळाली. लोक याला तीस टक्क्यांहून अधिक सूट म्हणतील, परंतु बँकेने पुस्तकी रकमेतून प्रत्यक्षात अडीच लाखच सोडले.

मुदत नव्वद दिवसांची मागितली, तीही विचारपूर्वक. रिझर्व्ह बँकेच्या जून 2023 च्या चौकटीनुसार तडजोडीची रक्कम तीन महिन्यांपेक्षा जास्त काळात द्यायची असेल, तर ते प्रकरण कर्जाची पुनर्रचना मानले जाते. त्यामुळे लांब हप्ते मागितले की मंजुरी अवघड होते. मुदत चुकली तर सवलत रद्द होते, भरलेले पैसे मूळ कर्जात वळते होतात आणि वसुली जिथे थांबली होती तिथून पुन्हा सुरू होते. म्हणून जमीन विकून पैसे देणार असाल, तर खरेदीखताची तारीख पक्की झाल्याशिवाय मंजुरीपत्रावर सही करू नका.

त्या मंजुरीपत्रात जामीनदाराचा उल्लेखच नव्हता. दादा म्हणाले, "खाते बंद झाले की मामाही सुटतात, उगाच बँकेला डिवचू नकोस." मी ऐकले नाही. कर्जदार, गहाणदार आणि जामीनदार या तिघांविरुद्धची सर्व येणी संपली, फ्लॅटवरील बोजा उतरवला जाईल आणि चालू कारवाई मागे घेतली जाईल, अशी वाक्ये घालून सुधारित पत्र घेतले आणि मगच शेवटची रक्कम भरली. मामांनी केवळ नात्याखातर सही केली होती. त्यांची सुटका गृहीत धरण्याचा आम्हाला अधिकार नव्हता, असे माझे आजही मत आहे.

दादा अजूनही म्हणतात की लेखी अर्ज देणे म्हणजे कर्ज कबूल करणे. हे कायद्याने खरे आहे. मुदत संपण्यापूर्वी सही करून दिलेल्या लेखी कबुलीने दाव्याची मुदत नव्याने सुरू होते. मात्र आमच्या कर्जाला गहाण होते आणि कारवाई चालू होती, त्यामुळे लपवण्यासारखे काही उरलेच नव्हते. तुमचे कर्ज विनातारण असेल आणि शेवटच्या भरण्याला तीन वर्षे होत आली असतील, तर मात्र अर्जापूर्वी वकिलांना अवश्य विचारा.

आणखी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही. उच्च न्यायालयाने बँकेला ती देण्याचा आदेश देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये स्पष्ट केले आहे. तसेच तुमच्या तारणाची घाईच्या विक्रीची किंमतच पूर्ण थकबाकीपेक्षा जास्त असेल, तर माझे वरचे गणित तुमच्या उपयोगाचे नाही. तेव्हा फार तर व्याजात आणि दंडात सूट मागता येईल.

सिबिलवर खात्यापुढे 'सेटल्ड' अशी नोंद होते. ती 'क्लोज्ड' नसते आणि कित्येक वर्षे दिसत राहते. शेतीखेरीज इतर कर्जांत तीच बँक किमान बारा महिने नवे कर्ज देऊ शकत नाही. इतर बँकाही ती नोंद पाहून विचारतात. मला एका ठिकाणी वाहनकर्ज नाकारले गेले आणि दुसऱ्या ठिकाणी सुधारित पत्र दाखवल्यावर जास्त व्याजाने मिळाले. आईच्या फ्लॅटची मूळ कागदपत्रे मात्र पैसे भरल्यानंतर पाचव्या आठवड्यात हातात आली, आणि मामांना त्यांच्या नावाचे वेगळे पत्र मी स्वतः नेऊन दिले.