π/4 ची सिरीज: x = 1 ला अडतं कुठे?

प्रश्न: 1/(1+x²) ची सिरीज x = 1 ला चालतच नाही, मग 0 ते 1 टर्म बाय टर्म इंटिग्रेट कसं काय करतात?

शंका बरोबर आहे, x = 1 ला ती 1−1+1−1 अशी नुसती हेलकावे खात बसते, म्हणून अनंत सिरीज घेऊच नका, n टर्म्सवर थांबा आणि उरलेलं शेपूट जपून ठेवा:

1/(1+x²) = 1 − x² + x⁴ − … ± x²ⁿ/(1+x²)

आता टर्म्स मोजक्याच, त्यामुळे बिनधास्त इंटिग्रेट करा. डावीकडे arctan 1 म्हणजे π/4, उजवीकडे 1 − 1/3 + 1/5 − … आणि शेपटाचं इंटिग्रल. खाली 1+x² हे 1 पेक्षा लहान होत नाही, म्हणून ते 1/(2n+1) च्या आतच राहतं आणि n वाढला की शून्याकडे जातं. झालं काम! फक्त स्पीड भयंकर कमी, 10 टर्म्स घेऊन 4 ने गुणलं तरी 3.0418 च येतं.