रिक्षाच्या भाड्याची रेषा 26 वर का सुरू होत नाही?

प्रश्न: दहावीच्या बीजगणिताच्या प्रकल्पासाठी ठाण्यातल्या रिक्षाचं दरपत्रक घेतलंय. पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17.14, म्हणून y = 17.14x + 26 असं समीकरण मांडलं. पण दरपत्रकातले बिंदू या रेषेवर बसतच नाहीत. कुठे चुकतंय?

नौपाड्यात दहावीच्या मुलांना गणित शिकवताना ही चूक मी दरवर्षी पाहतो, आणि करणारी मुलं बहुधा हुशार असतात. ‘सुरुवातीचे 26’ दिसले की हात आपोआप स्थिरपदाकडे जातो.

तुझं समीकरण अडीच किलोमीटरला लावून बघ. 42.85 + 26, म्हणजे जवळजवळ 69 रुपये. मीटर 43 दाखवतो. पुढे कुठलंही अंतर घे, तू साधारण 26 नेच पुढे असशील. कारण त्या 26 मध्ये पहिला दीड किलोमीटर आधीच आलाय आणि तू त्याच दीड किलोमीटरचे पैसे पुन्हा लावतोयस. 17.14 ने गुणायचं ते दीडच्या पुढच्या अंतराला:

y = 26 + 17.14(x − 1.5)

कंस सोडवला की y = 17.14x + 0.29 मिळतं. स्थिरपद फक्त 29 पैसे! मुलं इथे हमखास विचारतात, ‘सर, मग 26 गेले कुठे?’ 17.14 ला 1.5 ने गुण: 25.71. तेच पूर्ण रुपयात 26 झाले, आणि वरचे 29 पैसे त्या पूर्णांकनाचे. हे दर 1 फेब्रुवारी 2025 पासूनचे आहेत. त्याआधी 23 रुपये आणि 15.33 होते. तिथेही 15.33 × 1.5 = 22.995. म्हणजे किमान भाडं हे वेगळं काही नसून दीड किलोमीटरचंच भाडं आहे. दीडच्या पुढे भाडं आणि अंतर जवळजवळ समचलनात आहेत, आणि तिरकी रेषा मागे वाढवलीस तर ती आरंभबिंदूच्या अगदी जवळून जाते.

पण आलेखात ती मागे वाढवू नकोस, फार तर तुटक रेषेने दाखव. x = 0 ते 1.5 मध्ये भाडं 26 च राहतं, म्हणून तिथे X-अक्षाला समांतर आडवा तुकडा येतो आणि (1.5, 26) ला रेषा वर वळते. एकाच आलेखात दोन समीकरणं आहेत, आणि कोणतं कुठल्या अंतराला लागू हे लिहिलंस की परीक्षकांना विचारायला फारसं उरत नाही. X-अक्षावर 1 सेमी = 0.5 किमी आणि Y-अक्षावर 1 सेमी = 10 रुपये घेतलंस तर आठ किलोमीटरपर्यंतचा आलेख एका कागदावर नीट बसतो.

चढ काढताना एक गोष्ट सांभाळ. दरपत्रकात 2.5, 3.5 आणि 4.5 किमीला 43, 60 आणि 77 रुपये येतात. यांवरून चढ 17 निघतो, 17.14 नाही. ती तुझी चूक नव्हे, भाडं पूर्ण रुपयात असल्याचा परिणाम आहे. एकमेकांपासून लांबचे दोन बिंदू घेतलेस की तो अर्धा-पाऊण रुपया मोठ्या अंतरावर विभागला जातो आणि चढ 17.14 च्या जवळ येतो.

जुना आणि नवा दर एकाच कागदावर काढून ‘एकसामयिक समीकरणं’ सोडवायची कल्पना चांगली आहे, पण उत्तर बघून दचकू नकोस. y = 15.33x + 0.005 आणि y = 17.14x + 0.29 या रेषा साधारण x = −0.16 ला छेदतात. ऋण अंतर कुठलाच रिक्षावाला नेणार नाही! उकल गणितात बरोबर आहे, फक्त x ≥ 1.5 या अटीबाहेर पडते. हे वाक्य प्रकल्पात जरूर लिही, बहुतेक जण इथे गप्प बसतात.

स्वतः प्रवास करून बिंदू जमवणार असलास तर घोडबंदर रोडला संध्याकाळी जाऊ नकोस. मीटर थांबलेल्या वेळेचेही पैसे लावतो. मागे माझ्या एका विद्यार्थ्याला साडेचार किलोमीटरला 77 ऐवजी 84 पडले आणि तो रात्रभर समीकरण तपासत बसला. त्याचे वाहतुकीतले सगळे बिंदू रेषेच्या वर होते, खाली एकही नव्हता. बिंदू असे एकाच बाजूला पडले की समजायचं, गणित नाही, वेळ मध्ये आलाय. त्याने शेवटी थांबलेली मिनिटं तिसऱ्या रकान्यात लिहिली.

बसचं भाडं यात मिसळू नकोस. ते टप्प्याटप्प्याने वाढतं, त्याचा आलेख जिन्यासारखा येतो आणि त्यातून ओढूनताणून एक रेषा काढावी लागते.